तांबड्याचा कौल

“कानात पाणी गेलं की कुत्रंसुद्धा अंग झाडतं. मग कुत्र्यानंही कौल दिला म्हणायचं का?”

वैजूनं हे विचारलं आणि आमचा नववीचा अख्खा वर्ग खो-खो हसला. खिडकीबाहेर गर्दी करून उभी असलेली माणसंही हसली. दाराशी बसलेली तिची आई, हौसाकाकू, तेवढी हसली नाही. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, बोरजाईच्या डोंगराकडे वळून हात जोडले आणि ती उठून चालती झाली.

आमचं हिवरगी गाव कर्नाटकाच्या सीमेला चिकटून आहे. ओढा ओलांडला की पाट्या कानडी. डोंगरावर बोरजाई, आणि चैत्रातल्या मंगळवारी तिची जत्रा. ज्यानं नवस बोलला असेल त्यानं बोकड घेऊन जायचं. माझ्या वर्गातल्या श्रीशैलचे वडील गुरव, ते बोकडाच्या कपाळाला हळदकुंकू लावायचे आणि पाठीवर पाणी शिंपायचे. मग सगळे गप्प राहून बघायचे. बोकडानं अंग झाडलं की देवीनं पदरात घेतलं. यालाच कौल म्हणायचं. त्यानंतर काम माझ्या अब्बांचं. आम्ही गावचे मुलाणी. देवी हिंदूंची, नवस हिंदूंचा, पण सुरी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराची. अब्बा ‘बिस्मिल्ला’ म्हणून सुरीच्या एकाच ओढीत काम संपवायचे. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही आणि जनावराला दिसेल अशी सुरी परजायची नाही, हे त्यांचे नियम. बदल्यात आम्हाला मुंडी मिळायची किंवा कातडं. हिवरगीत यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या वर्गाच्या वनमोरे बाईंनी जत्रेच्या आधीच्या शनिवारी वर्गात वादसंवाद ठेवला आणि गावालाही ऐकायला बोलावलं. विषय होता, ‘देवापुढे पशुबळी देण्यावर कायद्यानं बंदी असावी का?’ संवाद आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. बाईंची अट एकच होती, कुणीही स्वतःच्या घरची बाजू मांडायची नाही.

“आपलं तर सगळेच बोलतात,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं इतकं चांगलं बोला की त्या घरच्या माणसाला वाटलं पाहिजे, हे मलाच सुचायला हवं होतं.”

म्हणून मी, जुबेदा मुलाणी, नवसकरी बाई झाले. श्रीशैल गुरव वकील झाला. वनमोरे बाई स्वतः खाटकाच्या बाजूनं बोलल्या, कारण ती बाजू घ्यायला कुणी तयारच होईना. आणि वैजूकडे बंदीची बाजू आली. वैजयंता हाके, धनगराची पोर. हाक्यांच्या घरात आजवर एक जत्रा बोकडाशिवाय गेली नव्हती.

पण वैजूला ती बाजू परकी नव्हती. तिच्याजवळ तांबड्या होता. त्याला जन्म देऊन शेळी मेली, तेव्हा वैजूनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आता तो अंगानं भरला होता, शिंगं मागे वळली होती, तरी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन उभा राहायचा.

वर्गात पहिली मी उभी राहिले. “माझं मूल आजारी पडलं, तेव्हा गावात डॉक्टर नव्हता,” मी म्हणाले. “देवी होती. तिच्याशी मी बोलले. दिलेला शब्द मोडायचा का? आणि बोकड आम्ही वाया घालवत नाही. ज्याच्या घरात वर्षभर मटण शिजत नाही तोही त्या दिवशी आमच्या पंगतीला बसतो. हॉटेलात रोज बोकड कापला जातो, त्याचं कुणाला काही नाही. देवीचं नाव घेतलं की मात्र ते पाप?”

“हॉटेलवाला बोकडाला फसवत नाही,” वैजू म्हणाली. “तो म्हणत नाही की बोकडानं स्वतः मान हलवून परवानगी दिली. खायचं असेल तर खायचं म्हणून कापा. देवाच्या नावावर कशाला ढकलता? ज्याला भीती वाटते, दुखतं, जो आपल्या माणसाला ओळखतो, त्याच्या जिवाचा सौदा आपण कोण करणार? शब्द तुम्ही दिला. मान त्याची का?”

मग श्रीशैल वकिलासारखा खाकरला. “प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा एकोणीसशे साठचा आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय, की धर्माच्या रीतीप्रमाणे जनावर मारलं तर त्या कायद्यानं तो गुन्हा होत नाही. म्हणजे आपल्याकडं बंदी हवी असेल तर विधानसभेनं वेगळा कायदा करावा लागेल. ओढ्यापलीकडं कर्नाटकात तो केव्हाच झालाय. घटनेनं धर्माचं स्वातंत्र्य दिलंय, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांना धक्का न लावता. बळी हा धर्माचा गाभा आहे की नुसती रूढी, हे कोर्टाला ठरवावं लागतं. ते सोपं नाही.”

“कर्नाटकात थांबलंय का?” खिडकीतून कुणीतरी विचारलं.

“देवळात थांबलं,” श्रीशैल म्हणाला. “शेतात सुरू झालं.”

“मग मुसलमानांच्या बकरी ईदचं काय?” मागच्या बाकावरून आवाज आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. मी तर नवसकरी बाई होते, उत्तर कुठल्या तोंडानं देणार?

वैजूनंच उत्तर दिलं. “विषयात देवीचं नाव नाही. देव म्हटलंय. कायदा करायचा तर सगळ्यांना सारखा, नाहीतर करूच नये.”

वनमोरे बाईंनी खाटकाच्या आवाजात सांगितलं, “मी कापतो ते जाणत्या हातानं. बंदी आली तर जनावर वाचेलच असं नाही. ते चोरून कापलं जाईल, घाईत, बोथट विळ्यानं, नवख्या माणसाकडून. तुमचं पाप माझ्या हातानं होतं म्हणून मला खाली बसवता, आणि माझा धंदा बुडताना मला विचारतसुद्धा नाही.”

अब्बा भिंतीशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

शेवटी मी संवादातलं माझं ठरलेलं वाक्य म्हणाले, “बोकड स्वतः कौल देतो. नाही दिला तर आम्ही त्याला सोडून देतो. मग जबरदस्ती कुठं आली?” आणि त्यावर वैजूनं ते कुत्र्याचं उत्तर दिलं. ते संवादात लिहिलेलं नव्हतं. तिला तिथल्या तिथं सुचलं होतं.

बाईंनी हात वर करायला सांगितलं तर वर्ग जवळजवळ निम्मा-निम्मा झाला. बाई खूश होत्या. वैजू माझ्या खांद्यावर हात टाकून घरी गेली, मागून तांबड्या. इतकं हसताना मी तिला त्यानंतर कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ बिरू पोट दुखतंय म्हणून रडत उठला. सहा वर्षांचं पोर, जमिनीवर वाकळ टाकून झोपायचं. आधी वाटलं, काही खाल्लं असेल. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. उघड म्हटलं तरी उघडेनात. बोलायला गेला तर आवाज नाकातून येई, आणि पाणी पाजलं तर ओठांवरून गळे. वाकळ उचलून झटकली तर तिच्या घडीतून काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार निघाली आणि भिंतीच्या फटीकडे सरपटली.

“देवळात न्या! भंडारा लावा!” लोक ओरडत होते. हौसाकाकू पोराला घेऊन डोंगराच्या वाटेला लागलीसुद्धा. वनमोरे बाई अनवाणी धावत आल्या आणि वाटेत आडव्या झाल्या.

“देवीला नंतर भेटा. आधी जीपमध्ये बसा. हौसाबाई, त्याचा श्वास बसत चाललाय, बघा तरी!”

बाईंनी त्याला अक्षरशः ओढून जीपमध्ये घातलं आणि मिरजेला नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बिरूचे ओठ निळे पडले होते. सर्पविषावरची लस दिली, नळी घातली, आणि श्वासाच्या मशीनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मशीन श्वास देईल, बाकी काही आज सांगता येणार नाही.

गावाला मात्र सगळं कळलं होतं. पाणवठ्यावर, पारावर एकच बोलणं. “शाळेत देवीची थट्टा केली. कुत्र्याची उपमा दिली. बोरजाईनं रात्रीतच दाखवलं.” वैजूसमोरही बोलायचे, ती तिथं नसल्यासारखं. मी तिच्या घरी गेले तर ती चुलीशी बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

“जुबे, मी तसं म्हटलं नसतं तर?” तिनं विचारलं.

“मण्यारीला काय कळतंय, कुणी काय म्हटलं ते?”

“मला कळतंय ते. पण आईला कसं सांगू?”

मंगळवारी सकाळी हौसाकाकू एकटीच मिरजेहून आली. नवरा आणि वनमोरे बाई पोराजवळ थांबले होते. काकू घरात शिरली नाही. थेट गोठ्यात गेली आणि तांबड्याचं दावं सोडलं. दवाखान्याच्या पायरीवर तिनं नवस बोलला होता, घरातलं सगळ्यात लाडकं जनावर देईन म्हणून.

“आई, दुसरा बोकड घेऊ,” वैजू म्हणाली. “मामाकडचा आणू. आई, ऐक ना.”

“दुसऱ्याचं देऊन तुझा भाऊ मागू?” काकूचा आवाज घोगरा झाला होता. “शनिवारी तुझं तोंड चाललं तेव्हा मी गप्प बसले. आता तू गप बस.”

ती दावं ओढू लागली, पण तांबड्या जागचा हलेना. तो वैजूमागेच चालायचा. शेवटी वैजूनं दावं हातात घेतलं. मला अजून ते चित्र दिसतं. ऊन तापलेलं, डोंगराची पायवाट, पुढे आई, मध्ये वैजू, आणि तिच्या परकराला नाक लावत चाललेला तांबड्या.

अब्बा देवळामागच्या चिंचेखाली होते. जत्रेत मी त्यांना पाणी द्यायला जायचे, म्हणून सगळं जवळून बघितलं. गुरवकाकांनी तांबड्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि तांब्यातलं पाणी पाठीवर शिंपलं.

तांबड्या उभा राहिला. उन्हात त्याला गार पाणी बरंच वाटलं असावं. त्यानं डोळे किलकिले केले आणि वैजूचा हात चाटला.

गुरवकाकांनी आणखी दोनदा पाणी घातलं. “आई बोरजाई, पदरात घे.” ढोल थांबला. तांबड्याच्या पाठीवरून पाणी निथळत होतं, पण अंग हलत नव्हतं. परकी माणसं धरतात तेव्हा बोकड बुजतो, थरथरतो, झाडतो. याला तर त्याचंच माणूस धरून उभं होतं.

“पोरीनं विटाळलं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “देवी हात लावत नाही आता.”

काकूनं पायरीवर कपाळ टेकलं. मग आपटलं. मग आपटतच राहिली. “आई, घे गं. घे गं माझं. पोरीचं तोंड पोटात घाल. मला शिक्षा कर. माझं लेकरू मशीनवर हाय गं!” दोन बायका तिला धरायला धावल्या, तिनं त्यांना झिडकारलं. कपाळातून रक्त आलं.

“दस्तगीर, उरक आता,” एक पुढारी अब्बांना म्हणाला. “नवस पोचल्याशी कारण. वेळ चाललाय.”

“नाही,” अब्बा म्हणाले. “झाडल्याशिवाय मी हात लावत नाही. माझ्या बापानं लावला नाही. रीत म्हणजे रीत.”

गुरवकाकांनीही तांब्या खाली ठेवला. “खरंय. तीनदा घातलं. आईला हा नकोय. हौसाबाई, याला सोडून द्या. देवीच्या नावानं मोकळा हिंडू दे.”

मला वाटलं, सुटला! मी वैजूकडे पाहिलं. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, कुणाशी न भांडता, त्याच रीतीनं दिलं होतं. तिनं फक्त दावं सोडायचं होतं.

हौसाकाकूनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर वळवली. त्यात राग नव्हता. देवीनं पाठ फिरवली, आता पोरगं जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. ती वैजूकडे बघत होती. नुसती बघत होती.

वैजू खाली वाकली. तांब्यात तळाशी उरलेलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं. तांबड्याला मानेशी धरलं, जशी बाटली पाजताना धरायची तशी, गालाला गाल लावून. आणि ओंजळ त्याच्या कानात ओतली.

तांबड्यानं डोकं हिसडलं आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं अंग फडाफडा झाडलं. पाण्याचे थेंब आमच्या सगळ्यांच्या तोंडावर उडाले.

“दिला! कौल दिला!” आरडाओरडा झाला. ढोल सुरू झाला. गर्दीला फक्त अंग झाडलेलं दिसलं होतं. अब्बा मात्र हाताच्या अंतरावर होते.

वैजूनं त्यांच्याकडे पाहिलं. “चाचा, झाडलं,” ती म्हणाली. “बघा, झाडलं त्यानं.”

अब्बांनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी तिच्या हातातून दावं घेतलं. “तू खाली जा, बेटा. मागं बघू नको.”

ती गेली नाही. तांबड्या बुजू नये म्हणून ती शेवटपर्यंत त्याच्या तोंडाशी बसून राहिली. अब्बांच्या तोंडचं ‘बिस्मिल्ला’ मी त्या दिवशी पहिल्यांदा फाटलेल्या आवाजात ऐकलं.

घरी आल्यावर मी विचारलं, “अब्बा, तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मग कापलं का? रीत म्हणजे रीत म्हणाला होतात.”

ते हात धूत होते. “कौल बोकडाचा नव्हता,” ते म्हणाले. “पण कुणाचा तरी होताच की.” एवढंच बोलले आणि जेवायला बसले नाहीत.

बिरू वाचला. आधी त्याच्या पायाची बोटं हलली, मग पापण्या उघडल्या, मग नळी निघाली. मण्यारीचं विष उतरलं आणि वेळेवर मशीन मिळालेलं असलं की माणूस असा परत येतो, हे वनमोरे बाईंनी सगळ्यांना सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. पोराला जीपमध्ये घालून मिरजेला नेणाऱ्या त्या बाईंविरुद्धच गावानं अर्ज केला, आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली. वैजूला मात्र गावानं डोक्यावर घेतलं. हिच्या हातून कौल आला, हिला देवीनं क्षमा केली. बायका तिच्या पाया पडायला लागल्या. ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि पाय मागे ओढून घ्यायची. दहावीनंतर तिचं लग्न झालं, तेही ओढ्यापलीकडे.

अब्बांनी पुढच्या जत्रेला सुरी दुसऱ्या मुलाण्याकडे दिली. गुडघे दुखतात म्हणाले. मी शिकत राहिले, मास्तरीण झाले, आणि वैजूची-माझी गाठ पडायची राहिली, ती थेट बिरूच्या लग्नात पडली.

नवरदेव घोड्यावर होता. दांडगा, हसरा गडी. हौसाकाकू म्हातारी झाली होती आणि प्रत्येक पाहुण्याला धरून तीच गोष्ट सांगत होती, की तांबड्यानं कसं अंग झाडलं. वैजू पंगतीत वाढत होती. कहाणी सुरू झाली की ती भांडं ठेवून मांडवाबाहेर जायची. मी तिच्यामागे गेले.

“अजून सांगते ती,” मी म्हणाले.

“सांगू दे. त्याच्यावरच जगलीय.”

मग मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. “वैजू, तुला त्या वेळी खरंच वाटलं होतं का, की देवी बिरूला वाचवेल?”

“एक क्षणही नाही.”

“मग? तांबड्या तर सुटला होता.”

तिनं पदरानं मान पुसली. “बिरू जाईल असंच मला वाटत होतं. मिरजेहून बाईंचा निरोपही आला होता, आशा कमी आहे म्हणून. आणि तो गेला असता, तर आईनं म्हटलं असतं, पोरीनं बोकड वाचवला आणि भाऊ मारला. तोंडानं म्हटली नसती. नुसती बघत राहिली असती, त्या दिवशी बघत होती तशी, मरेपर्यंत. मी लहान होते, जुबे. मला ते झेपलं नसतं.”

आत वाजंत्री सुरू झाली. कुणीतरी तिला हाक मारली.

“तेव्हा वर्गात मी दयेचं बोलले,” ती म्हणाली, “श्रीशैल कायद्याचं बोलला, तू नवसाचं. सगळं बरोबरच होतं. पण मला बंदी कशासाठी हवी ते त्या मंगळवारी कळलं. कायदा असता तर मी आईला म्हटलं असतं, आई, सरकार सोडत नाही, काय करू? ती सरकारला शिव्या देत बसली असती. तांबड्याही जगला असता आणि मलाही आई राहिली असती.”

“आणि चोरून कापला असता तर?”

“असता कदाचित,” वैजू म्हणाली. “पण त्याला धरायला मी नसते.”

पुन्हा हाक आली. ती आत गेली, आणि मी बघत होते, हौसाकाकूनं तिला जवळ ओढून पाहुण्यांपुढे उभं केलं आणि म्हणाली, “हीच ती माझी लेक.”